परदेशी फायनान्स कंपनीचा करार आणि एक वर्कशॉप : भाडेपट्टा की भाडेखरेदी

पार्श्वभूमी

सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या वर्कशॉपच्या मालकांनी परदेशी उत्पादकाकडून व्हर्टिकल मशीनिंग सेंटर घ्यायचे ठरवले. उत्पादकानेच त्यांची गाठ स्वतःच्या देशातल्या एका फायनान्स कंपनीशी घालून दिली. त्या कंपनीने दोन मसुदे पाठवले, एक भाडेपट्ट्याचा आणि दुसरा भाडेखरेदीचा. दोन्ही मसुदे इंग्रजीत होते, दोन्हींना इंग्लंडचा कायदा लागू होता आणि दोन्हींतील रक्कम युरोत होती. मालक उत्तम कारागीर होते आणि रोजच्या व्यवहारापुरते इंग्रजी त्यांना येत होते. मात्र चाळीस पानी करार वाचण्याची वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. त्यांच्या अकाउंटंटने मला बोलावले ते करार समजावून सांगण्यासाठी. सही करायची की नाही, हा निर्णय मालकांचाच राहणार होता. ओळख पटू नये म्हणून या लेखात रकमा गोळाबेरीज केल्या आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

मशीनची किंमत १,००,००० युरो होती. भाडेखरेदीच्या मसुद्यात २०,००० युरो सुरुवातीला भरायचे होते आणि उरलेल्या ८०,००० युरोंसाठी दरमहा २,००० युरोंचे ४८ हप्ते होते. शेवटच्या हप्त्यानंतर १०० युरो भरले की मालकी वर्कशॉपकडे येणार होती. भाडेपट्ट्यात सुरुवातीची रक्कम नव्हती. दर महिन्याच्या आरंभी २,२५० युरो भाडे होते आणि मुदत तीच ४८ महिन्यांची होती. मुदतीनंतर मशीन परत करायचे किंवा त्याच भाड्याने पुढे चालू ठेवायचे, एवढेच मार्ग होते.

मालकांचा कल भाडेपट्ट्याकडे होता. “पैसे आधी घालायचे नाहीत, आणि चार वर्षांनी मशीन आपलंच,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. या वाक्याचा दुसरा भाग ज्या मसुद्याला लागू होता, तो भाडेपट्ट्याचा नव्हता.

अडचण नेमकी कोठे होती

मालकांच्या मनात दोन्ही करार म्हणजे हप्त्याने घेतलेल्या वस्तूचेच दोन प्रकार होते, फक्त हप्त्याचा आकडा वेगळा. प्रत्यक्षात तीन ठिकाणी त्यांचा समज कराराशी जुळत नव्हता, आणि त्यांतल्या एका ठिकाणी, म्हणजे मशीनच्या स्वीकृतीपत्रावर, सर्वांत मोठा धोका होता.

पहिला प्रश्न मालकीचा होता. भाडेखरेदीतही चार वर्षे मालकी फायनान्स कंपनीकडेच राहते. वर्कशॉपला वापराचा हक्क मिळतो आणि शेवटी विकत घेण्याचा पर्याय मिळतो. इंग्लंडच्या कायद्यात ही गोष्ट १८९५ पासून स्पष्ट आहे. त्या वर्षी हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या खटल्यात तिथल्या सर्वोच्च पीठाने असे ठरवले की, ज्याला केवळ खरेदीचा पर्याय आहे त्याने वस्तू खरेदी करण्याचे कबूल केले असे होत नाही, म्हणून हप्त्यावरचा पियानो ज्या सावकारांनी तारण घेतला होता त्यांना तो मूळ मालकाला परत द्यावा लागला. आपल्या मालकांना याचा संबंध लगेच लागला, कारण बँकेकडे त्यांच्या सर्व यंत्रसामग्रीवर सरसकट तारण होते आणि नवे मशीनही त्यात दाखवून खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून घ्यायचा त्यांचा विचार होता. तसे केले असते तर स्वतःच्या मालकीची नसलेली वस्तू तारण दिल्यासारखे झाले असते आणि फायनान्स कंपनीच्या करारात तो थेट कसूर ठरला असता.

दुसरा प्रश्न व्याजाचा होता. भाडेखरेदीच्या पत्रात दर ५ टक्के लिहिला होता. तो फ्लॅट रेट होता, म्हणजे चारही वर्षे पूर्ण ८०,००० युरोंवर व्याज आकारले होते : वर्षाला ४,००० आणि एकूण १६,०००. मुद्दल मात्र दरमहा कमी होत जाते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे सव्वानऊ टक्के पडतो. मालकांना हे सूत्राने दाखवण्याऐवजी आम्ही वहीत पहिल्या सहा हप्त्यांचे व्याज आणि मुद्दल वेगळे मांडले. सहाव्या ओळीनंतर त्यांनी स्वतःच पेन हातात घेतले आणि पुढच्या दोन ओळी भरल्या. तेथून पुढे त्यांनी कोणत्याही देकाराचा हप्ता न पाहता आधी शिल्लक विचारायला सुरुवात केली.

भाडेपट्ट्याचे गणित उलट बाजूने फसवे होते. ४८ भाड्यांची बेरीज १,०८,००० होते, तेव्हा वरवर दर अवघा ४ टक्क्यांच्या आसपास दिसतो. पण चार वर्षांनी मशीन हातात राहत नाही. नीट राखलेल्या अशा मशीनला त्या वेळी २०,००० युरो तरी येतील, असा मालकांचा स्वतःचा अंदाज होता. तेवढे मूल्य आपण सोडून देतो हे हिशेबात धरले की दर साडेअकरा टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे ज्याला चार वर्षांनी मशीन बदलायचेच आहे त्याच्यासाठी भाडेपट्टा योग्य ठरू शकतो, परंतु ज्याला ते दहा वर्षे चालवायचे आहे त्याच्यासाठी तो महाग पर्याय होता.

तिसरा प्रश्न स्वीकृतीपत्राचा. त्याला स्वतंत्र विभाग द्यावा लागेल.

स्वीकृतीपत्र

दोन्ही मसुद्यांच्या शेवटी परिशिष्ट म्हणून एक पानी नमुना जोडलेला होता. वर मशीनचा अनुक्रमांक, खाली सहीची जागा, आणि मध्ये चार ओळी : मशीन मिळाले, तपासले, करारात वर्णन केल्याप्रमाणे आहे, चांगल्या चालू स्थितीत आहे. मालकांनी हे पान पाहून उलटले होते. माल उतरवताना ट्रकवाल्याच्या चलनावर सही करतो तशीच ही एक सही, असे त्यांना वाटले. उत्पादकाच्या विक्री प्रतिनिधीनेही “मशीन पोचल्या दिवशी सही करून पाठवा, म्हणजे आमचे पैसे लवकर सुटतील,” असे सांगून ठेवले होते.

या पानाचा परिणाम काय होतो, ते तीन कलमे एकत्र वाचल्याशिवाय कळत नव्हते आणि ती तिन्ही कलमे करारात एकमेकांपासून दूर होती. एका कलमानुसार स्वीकृतीपत्र मिळताच फायनान्स कंपनी उत्पादकाला उरलेली किंमत, म्हणजे भाडेखरेदीत ८०,००० युरो, देणार होती. दुसऱ्यानुसार त्या तारखेपासून हप्ते बिनशर्त देय होते. मशीन बंद पडले, सदोष निघाले किंवा उत्पादकाने सेवा दिली नाही तरी हप्ता थांबवता येणार नव्हता आणि त्यातून काही वजाही करता येणार नव्हते. तिसऱ्यानुसार मशीन वर्कशॉपने स्वतः निवडले असल्यामुळे त्याच्या गुणवत्तेची कोणतीही हमी फायनान्स कंपनी देत नव्हती.

फायनान्स कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय्य असे काही नाही. ती पैसे पुरवते. स्पिंडल कसे चालते हे तिला ठाऊक नसते आणि तिने ते ठाऊक करून घ्यावे अशी अपेक्षाही नसते. खरी अडचण वर्कशॉपची होते, कारण मशीन विकत घेणारी कंपनी फायनान्स कंपनी असल्याने उत्पादकाशी वर्कशॉपचा खरेदीचा करारच नसतो. सदोष मशीनबद्दल ज्याला तक्रार आहे त्याच्याकडे करार नाही आणि ज्याच्याकडे करार आहे त्याला तक्रार नाही, अशी ही स्थिती. आंतरराष्ट्रीय वित्तीय भाडेपट्ट्यांविषयी १९८८ मध्ये ओटावा येथे झालेल्या युनिड्रॉइट करारनाम्याने, पुरवठादाराची कर्तव्ये मशीन भाडेपट्ट्याने घेणाऱ्याप्रतिही थेट राहतील अशी तरतूद करून ही फट बुजवायचा प्रयत्न केला आहे. पण तो करारनामा मोजक्याच देशांनी स्वीकारला आहे आणि या व्यवहारात त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हते.

मसुद्यात आणखी एक वाक्य होते. मशीन पोचल्यापासून पाच दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारले असे मानले जाईल. उत्पादकाचा उभारणी अभियंता मात्र मशीन पोचल्यानंतर दोन आठवड्यांनी येणार होता. म्हणजे खोक्यातून बाहेर काढण्यापूर्वीच मशीन चांगल्या चालू स्थितीत असल्याचे गृहीत धरले गेले असते.

हे समजावताना कलमांचा क्रम मी सोडून दिला. मालकांपुढे दिनदर्शिका ठेवली आणि विचारले, “समजा, तिसऱ्या आठवड्यात मशीन चालूच होत नाही. तुम्ही कोणाला फोन कराल, आणि पहिला हप्ता भराल का?” ते म्हणाले, “भरणार नाही, मशीन सुरू होईपर्यंत कशाला भरायचा?” मग त्या दिवशी करारानुसार काय घडते ते आम्ही तिन्ही कलमे शेजारी ठेवून वाचले. हप्ता चुकला की पंधरा दिवसांनी कसूर, कसूर झाला की उरलेले सर्व हप्ते एकदम देय, आणि उत्पादकाला त्याचे पैसे केव्हाच मिळालेले. मालक बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न व्याजाबद्दल नव्हता, तर सही कधी करायची हा होता.

विचारात घेतलेले पर्याय

भाडेपट्टा आहे तसा घेणे हा पर्याय वर सांगितलेल्या दराच्या हिशेबाने मागे पडला होताच. त्यात करवजावटीचा मुद्दा आला. परदेशी कंपनीला पैसे पाठवताना करवजावट करावी लागली तर तिच्या हातात पूर्ण रक्कम पडेल इतके भाडे वाढवून द्यायचे, असे कलम दोन्ही मसुद्यांत होते. भाडेखरेदीत असा कर साधारणपणे व्याजाच्या भागाशी निगडित असतो, तर भाडेपट्ट्यात काही ठिकाणी तो संपूर्ण भाड्यावर लागू शकतो. किती आणि कशावर हे देशागणिक बदलते, म्हणून अकाउंटंटने समजण्यापुरता १० टक्के दर धरून हिशेब मांडला. भाडेखरेदीतील १६,००० युरो व्याजावर वाढीव बोजा सुमारे १,७८० युरो आला आणि भाडेपट्ट्याच्या १,०८,००० युरोंवर तो १२,००० युरो झाला. एवढा फरक नुसता हप्ता पाहून कोणाच्याही लक्षात आला नसता.

भाडेपट्ट्यात मुदत संपण्यापूर्वी १८० ते ९० दिवसांच्या दरम्यान लेखी सूचना दिली नाही तर तो आपोआप एक वर्ष वाढणार होता, हेही मालकांना खटकले. सूचना द्यायची खिडकीच तीन महिन्यांची असेल तर ती चुकण्याची शक्यता मोठी असते.

स्थानिक बँकेचे कर्ज हा दुसरा पर्याय होता. दर जवळपास तेवढाच होता आणि मशीन पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर आले असते. पण बँकेला शेडही गहाण हवे होते आणि ते देण्यास मालकांची तयारी नव्हती. ही त्यांची भूमिका मला योग्य वाटली. एका मशीनसाठी सगळ्या व्यवसायाचे छप्पर अडकवणे हा फार मोठा मोबदला झाला असता.

शेवटी भाडेखरेदी, पण काही बदल मागून, असा मार्ग निवडला. चलनाचा धोका येथेही होता. वर्कशॉपचा एक निर्यात ग्राहक युरोत पैसे देत असे आणि त्या जमेतून हप्त्याचा अर्ध्याहून अधिक भाग भागत होता. उरलेल्या भागासाठी बँकेकडून पुढच्या सहा-सहा महिन्यांचे दर आधी ठरवून घ्यायचे ठरले.

केलेली कार्यवाही

मागण्या मोजक्या ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला होता. अशा कंपन्यांचे छापील मसुदे एका ग्राहकासाठी फारसे बदलत नाहीत आणि वीस बदलांची यादी पाठवली की सर्वांनाच नकार येतो.

सर्वांत वर स्वीकृतीची अट ठेवली. पोच आणि स्वीकृती हे दोन वेगळे कागद असावेत, स्वीकृती चाचणीनंतरच व्हावी आणि मानीव स्वीकृतीची मुदत उभारणी पूर्ण झाल्यापासून ३० दिवस असावी, असे लिहिले. चाचणी म्हणजे काय हेही मोघम ठेवले नाही. अक्षांच्या अचूकतेसाठी आयएसओ २३०-२ प्रमाणे मापन आणि मालकांच्या स्वतःच्या एका जॉबचे वीस नग सलग, असे परिशिष्टात नमूद केले. त्याखालोखाल उत्पादकाच्या वॉरंटीचे हक्क फायनान्स कंपनीने वर्कशॉपच्या नावे करून द्यावेत आणि उत्पादकानेही त्यावर सही करावी, ही मागणी होती.

आणखी एक मागणी मुदतपूर्व फेडीची होती. मसुद्यात उरलेल्या हप्त्यांवर वर्षाला फक्त २ टक्के सूट धरून रक्कम काढायची होती. निम्मे हप्ते उरले असता ती रक्कम सुमारे ४७,००० युरो होते. कराराच्या स्वतःच्या खऱ्या दराने सूट धरली तर तीच सुमारे ४३,७०० होते. मधला फरक म्हणजे अजून न झालेल्या काळाचे व्याज, आणि ते का द्यायचे, असा साधा प्रश्न आम्ही पत्रात विचारला.

न्यायक्षेत्र बदलून मागावे असे अकाउंटंटचे मत होते. ते मागितले आणि तत्काळ नाकारले गेले. करवजावटीच्या कलमालाही हात लावू दिला नाही. स्वीकृती आणि वॉरंटीच्या अटी मात्र फायनान्स कंपनीने विशेष वाद न घालता मान्य केल्या. मशीन चालते की नाही हे कळेपर्यंत आपले पैसे आपल्याकडेच राहणे तिच्याही हिताचे होते. विरोध उत्पादकाच्या विक्री विभागाकडून झाला, कारण त्यांचे पैसे महिनाभर लांबणार होते. मुदतपूर्व फेडीचे कलम एक टक्का शुल्क जोडून मान्य झाले.

मशीन जमिनीत पाया करून बसवायचे असल्याने आणि शेड भाड्याच्या जागेला लागून असल्याने, मशीनवर आपला हक्क नाही असे जागामालकाचे पत्र फायनान्स कंपनीने मागितले, आणि बँकेकडूनही तसेच पत्र हवे होते. बँकेच्या पत्राला सर्वांत जास्त वेळ लागला.

काय घडले

मशीन आले, बसले आणि अभियंत्याने ते चालू करून दाखवले. पहिल्या दिवशीचे नमुना नग बरोबर होते. विक्री प्रतिनिधीने स्वीकृतीपत्र पुढे केले. मालकांनी परिशिष्ट दाखवून वीस नगांचा आग्रह धरला.

त्या वीस नगांत दोष दिसला. ज्या बोअरकडे हत्यार एकाच दिशेने जात होते ते सर्व मापात होते, पण ज्यांकडे ते विरुद्ध दिशेने येत होते त्यांचे केंद्र सुमारे चार शतांश मिलिमीटरने सरकलेले होते. अक्षाची दिशा बदलताना खेळ राहतो याची ही खूण. अभियंत्याने वाय अक्षाचे झाकण काढले तेव्हा बॉलस्क्रूच्या आधार बेअरिंगचे लॉकनट सैल आढळले. प्रवासात किंवा जुळवणीत कोठे तरी प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला ताण, गेला होता. नट योग्य बलाने आवळून पुन्हा मापन केल्यावर आणि आणखी वीस नग काढल्यावर मापे बसली, आणि मग सही झाली.

दुरुस्ती छोटी होती. पण ८०,००० युरो सुटायचे बाकी असल्यामुळे अभियंता दुसऱ्या दिवशीच झाकण उघडून बसला होता. पैसे पोचल्यानंतर तोच दोष सापडला असता तर वॉरंटीचा अर्ज, फोटो, ईमेल आणि पुढच्या भेटीची वाट, या क्रमाने गेले असते आणि हप्ते चालूच राहिले असते.

दोन वर्षांनी निर्यातीचे काम वाढल्यावर मालकांनी २४ हप्ते शिल्लक असताना करार मिटवला. शुल्क धरून सुमारे ४४,१०० युरो आणि खरेदीचे १०० युरो भरून मालकीचे पत्र घेतले. बँकेच्या तारणात मशीन आता रीतसर आले आहे.

वेगळे काय करता आले असते

मालकांनी ऑर्डर देतानाच १०,००० युरो उत्पादकाला भरले होते, तेही फायनान्सचा करार हाती येण्यापूर्वी. त्या ऑर्डरीत फायनान्स मंजूर झाले नाही तर पैसे परत मिळतील अशी अट नव्हती, त्यामुळे वाटाघाटीत उठून जाण्याची आमची तयारी किती, हे उत्पादकाला पहिल्यापासून ठाऊक होते. ऑर्डरीवरच एक ओळ, फायनान्स कंपनी खरेदीदार म्हणून माझ्या जागी येईल आणि तसे न झाल्यास रक्कम परत मिळेल, एवढी लिहून घेतली असती तर न्यायक्षेत्राबाबतही थोडे ताणून धरता आले असते असे मला वाटते.

बँकेला पत्र मागायलाही उशीर झाला. यंत्रसामग्रीवर सरसकट तारण असलेल्या प्रत्येक वर्कशॉपने हे पत्र मसुदा हातात पडल्या दिवशी मागावे, कारण फायनान्स कंपनीच्या सर्व अटी पूर्ण होऊनही या एका कागदासाठी मशीन बंदरात भाडे भरत उभे राहिले होते आणि ते भाडे करारानुसार वर्कशॉपच्याच माथी आले.

विम्याच्या कलमावर आणखी वेळ द्यायला हवा होता. मशीन पूर्ण नष्ट झाल्यास विम्याचे पैसे आधी फायनान्स कंपनीला मिळतात आणि ते कमी पडल्यास फरक वर्कशॉपने भरायचा असतो. पॉलिसी घसारा वजा जाता बाजारमूल्याची असेल तर पहिल्या दोन वर्षांत हा फरक मोठा असू शकतो. मालकांनी नव्या मशीनच्या पूर्ण बदली किमतीचा विमा घेतला, पण तो करारावर सही झाल्यानंतर, जेव्हा विम्याचा वाढीव हप्ता हिशेबात धरायची संधी निघून गेली होती.